डायरी पंधरा वर्षांची, आवाज चाळिशीचा: असं का होतं?

आधी ही नोंद वाचा. उदाहरणासाठी मीच रचली आहे, पण अशा नोंदी कथा-कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांत मला नेहमी भेटतात.

"आज शाळेत मला वर्गासमोर प्रकल्प सादर करायचा होता. परंतु ऐन वेळी मी सर्व विसरले आणि मला अत्यंत लाजिरवाणे वाटले. माझी जिवलग मैत्रीण सई, जिच्याशी माझी पाचवीपासून मैत्री आहे, मला धीर द्यायला आली नाही, याचे मला दुःख झाले. घरी आल्यावर बाबा दुपारीच घरी असल्याचे पाहून मला आश्चर्य वाटले. गेले काही दिवस ते चिंतेत दिसतात. त्यांची नोकरी गेली असावी, अशी भीती मला वाटते. या सगळ्यातून मला जाणवले, की मोठे होणे सोपे नसते."

लेखक सांगतो, ही पंधरा वर्षांच्या मुलीची डायरी. एकही वाक्य चुकलेलं नाही, प्रसंग खरे वाटतात, काळजीही खरी आहे. तरीही वाचकाला पोरीचा आवाज ऐकू येत नाही. 'तरुण वाटेल असं कर' म्हटलं की बहुतेक जण यात दोन 'यार', एक 'भारी' आणि भरपूर टिंबं पेरतात. मग ती नोंद नातीचा ड्रेस घातलेल्या आजीसारखी दिसू लागते. म्हणून ही नोंद आपण पायरीपायरीने नव्याने लिहून बघू. बिघाड शब्दांच्या बराच आधी सुरू झालेला आहे.

लिहिणाऱ्याला फार लवकर सगळं कळलंय

शेवटचं वाक्य बघा: 'या सगळ्यातून मला जाणवले.' डायरी त्याच रात्री लिहिली जाते. सकाळी फजिती झाली, दुपारी बाबा घरी दिसले आणि रात्री नऊ वाजता त्यातून धडाही निघाला? घडलेल्या गोष्टीचा अर्थ लागायला मोठ्यांनाही महिने जातात. अशा वाक्यात वीस वर्षांनंतर मागे वळून बघणारं माणूस बोलत असतं. त्यामुळे ते वाक्य सरळ काढून टाकायचं. त्याच्या जागी दुसरं काही लिहायचं नाही.

'जिच्याशी माझी पाचवीपासून मैत्री आहे' या तुकड्यातही तीच अडचण आहे. ही माहिती ती कोणाला देते आहे? डायरीला सई ठाऊक आहे. स्वतःच्या वहीत कुणी स्वतःच्या मैत्रिणीची ओळख करून देत नाही. हे वाक्य लेखकाने वाचकासाठी घुसवलं आहे आणि वाचकाला ते घुसवणं दिसतं. सई कोण हे तिच्या वागण्यावरून कळू द्यावं. जिच्या एका नजरेने दिवस खराब होतो, ती जिवलगच असणार.

'दुःख झाले', 'आश्चर्य वाटले', 'भीती मला वाटते' ही वाक्यं म्हणजे भावनांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. भावनेला नेमकं नाव देता येणं हे बरंच पुढचं कौशल्य आहे. पंधराव्या वर्षी भावना शरीरात आणि वस्तूंत असते: 'पोटात गोळा आला', 'कसंतरीच झालं', 'बघितलं आणि गेली'. 'कसंतरीच' हा शब्द मला फार आवडतो. नाव न सापडलेल्या भावनेसाठी मराठीत याहून नेमका शब्द नाही आणि तो कधी जुनाही झालेला नाही.

'वाटले' आणि 'वाटलं' यांत वयाचं अंतर आहे

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती क्रियापदाच्या शेपटीत असते. 'केले, झाले, वाटले' हे छापील मराठी आणि 'केलं, झालं, वाटलं' हे तोंडातलं. डायरी तोंडाच्या जवळची असते, म्हणून 'वाटले'चं 'वाटलं' करायचं. पण जिथे 'ले' हा मुलीच्या बोलण्याचाच भाग आहे तिथे हात लावायचा नाही: 'मी विसरले', 'मी घरी आले'. घाईत सगळीकडे अनुस्वार देणारे इथे फसतात आणि 'मी विसरलं' असं भलतंच काहीतरी उरतं.

मग जोडशब्द. 'परंतु', 'तथापि', 'असल्याचे पाहून' हे सांधे विचार करून घातलेले असतात. घाईत लिहिणारी मुलगी 'पण', 'आणि', 'तर', 'मग' यांवर गाडी हाकते, कधी तेही गाळते आणि दोन वाक्यं नुसती शेजारी ठेवते. 'बाबा दुपारीच घरी असल्याचे पाहून मला आश्चर्य वाटले' याचं होतं: 'बाबा घरीच होते. परत.' त्या 'परत'मध्ये 'गेले काही दिवस' हे आख्खं वाक्य मावलं. 'घरीच'मधल्या 'च'ने आश्चर्याचं काम केलं.

हा 'च' आणि त्याच्यासोबतचे 'ना', 'पण', 'तरी', 'की' हे चिमुकले शब्द तरुण मराठीचा खरा कणा आहेत. 'मी पण नाही बोलणार', 'दहा मिनिटं तरी', 'आज जे झालं ना' यांत एकही नवा शब्द नाही, तरी कान लगेच सांगतो की हे बोलणं लहान वयाचं आहे.

काळजी रांगेत उभी राहत नाही

मूळ नोंदीत काळज्या शिस्तीत येतात: फजिती, मैत्रीण, बाबा. प्रत्येकीला आपापली जागा आणि सगळ्यात मोठी शेवटी, नाव घेऊन. डोक्यात असं घडत नाही. दुखऱ्या दाताजवळ जीभ पुन्हा पुन्हा जाते आणि चटकन मागे येते, तशी मोठी काळजी डायरीत येते. तिच्याजवळ जायचं, एखादी वस्तू दिसेल इतकंच बघायचं आणि लगेच छोट्या काळजीकडे पळायचं.

म्हणून नव्या नोंदीत बाबांचा प्रसंग सर्वांत मोठा असला तरी त्याला जागा कमी हवी आणि त्यानंतर लगेच सईचा न आलेला मेसेज हवा. त्या मेसेजचं तिला खरंच वाईट वाटतंय, ते खोटं नाही. पण तिने तिकडे उडी मारली यावरून वाचकाला कळतं की ती ज्यापासून पळाली ते फार मोठं आहे.

फजितीच्या प्रसंगात दुसरी एक गोष्ट उपयोगी पडते. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1967 साली किशोरवयीन मुलांबद्दल एक कल्पना मांडली, काल्पनिक प्रेक्षकांची. या वयात मुलांना सतत वाटतं की सगळे आपल्याकडेच बघतायत, आपली प्रत्येक चूक टिपतायत. याच्या जोडीला त्याने असंही म्हटलं की आपल्यासारखं दुसऱ्या कुणालाच कधी झालं नसेल, अशीही या वयात खात्री असते. डायरीत हे दोन्ही आपोआप मोजमापात उतरतं. दहा सेकंदांची शांतता 'दहा मिनिटं तरी' होते. मागे कुणी एक जण हसला तर 'सगळा वर्ग' हसतो. लेखकाने ही अतिशयोक्ती दुरुस्त करू नये आणि तिच्यावर हसूही नये. त्या मुलीच्या घड्याळात ती दहा मिनिटंच होती.

वाक्य कुठे तोडायचं

आता सगळ्यात नाजूक भाग, अर्धवट राहिलेले विचार. लोक वाक्य कुठेही तोडतात आणि पुढे तीन टिंबं ठेवतात. खरं तर वाक्य दोन अगदी वेगळ्या कारणांनी अर्धं राहतं आणि त्यानुसार ते दोन वेगळ्या जागी तुटतं.

पहिलं कारण म्हणजे जे माहीतच आहे ते बोलायची गरज नसते. लेव विगोत्स्की हा रशियन मानसशास्त्रज्ञ; त्याचं विचार आणि भाषा यांवरचं पुस्तक 1934 साली, तो वारला त्याच वर्षी, प्रसिद्ध झालं. माणूस मनातल्या मनात जे बोलतो, त्याला त्याने अंतर्गत बोलणं म्हटलं आणि दाखवलं की ते फार आखूड असतं. त्यात कशाबद्दल बोलतोय ते गळतं आणि त्याच्याबद्दल काय म्हणायचंय तेवढं उरतं. त्याचं साधं उदाहरण ट्रामची वाट बघणाऱ्या माणसांचं आहे. ट्राम दिसली की कुणी 'आपण जिची वाट बघत होतो ती ट्राम येते आहे' असं म्हणत नाही. 'आली' म्हटलं की झालं.

डायरी म्हणजे याच बोलण्याला कागदावर थोडीशी जागा दिलेली. त्यामुळे तिच्यातली वाक्यं पुढून तुटतात. मराठीला हे फार सोपं जातं, कारण क्रियापदच कर्त्याची खबर देतं. 'विसरले' म्हटलं की मी आणि मुलगी, दोन्ही कळलं. 'बघितलं आणि गेली' यात सईचं नाव लागतच नाही.

दुसरं कारण अगदी उलटं आहे. जे माहीत नाही किंवा माहीत करून घ्यायचं नाही, ते उच्चारायची भीती वाटते. तेव्हा वाक्य मागून तुटतं. मराठी वाक्याची ठेवण इथे लेखकाच्या हातात मोठं हत्यार देते. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' बहुतेकदा त्याच्याही शेजारी, अगदी दाराशी बसतं. 'बाबांना आता तिथे परत...' इथे थांबलं तर घेतील की घेणार नाहीत, हे सांगणारा शब्दच आलेला नाही. नेमकी भीती ज्या शब्दात आहे तो शेवटी असतो आणि लेखणी त्याच्या एक पाऊल आधी थांबते.

काही शब्द तर असे आहेत की ज्यांच्यावर थांबण्याची आपल्याला बोलण्यातूनच सवय असते. 'आणि त्यांनी विचारलं तर?' हे व्याकरणात अर्धं वाक्य आहे, पण काळजीचं ते पूर्ण वाक्य आहे. 'उद्या तिने आधी हाय केलं तर ठीक, नाहीतर.' हा 'नाहीतर'सुद्धा तसाच. 'की' त्याहून तीव्र, कारण 'की'च्या पुढे कुणाचं तरी बोलणं यायलाच हवं असतं. ते न येणं म्हणजे दार उघडून आत न जाणं.

तोडणं जमलं की नाही, हे कसं ओळखायचं? न लिहिलेला शब्द वाचकाला स्वतः भरता आला पाहिजे. भरता आला तर विचार अर्धवट आहे. नाही आला तर लेखकाने काहीतरी लपवलंय आणि वाचक वैतागेल. टिंबांचं म्हणाल तर एका नोंदीत एकदा, फार तर दोनदा. दर ओळीला टिंबं आली की ती मुलगी घाबरलेली न वाटता नाटकी वाटते.

स्लँग किती आणि कुठे

मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात चालणारी, दर काही वर्षांनी कात टाकणारी बोली, तिला आपण स्लँग म्हणतो. लेखक सगळ्यात जास्त याच भागाला घाबरतात आणि त्या भीतीपोटी जास्त वापरतात. माझ्या मते पहिली चूक अशी होते की स्लँग ही चारचौघांत वापरायची गोष्ट आहे, हे विसरलं जातं. 'क्रिंज', 'भावा', 'इग्नोर मारला' हे शब्द आपण एका टोळीतले आहोत हे दाखवण्यासाठी असतात. वहीसमोर टोळी नसते. म्हणून डायरीत स्लँग गप्पांपेक्षा कमी असते आणि ठरावीक असते. प्रत्येक मुलीचे दोन-तीन लाडके शब्द असतात आणि तेच ती घासून घासून वापरते. आमच्या नोंदीतली मुलगी 'ब्लँक' आणि 'यार' यांवर चालते, तेवढं पुरे.

दुसरी गोष्ट जागेची. फजितीचं वर्णन करताना स्लँग मोकळी सुटते, कारण त्यात थोडी ऐट असते, स्वतःला सावरणं असतं. बाबांच्या ओळींत मात्र एकही असा शब्द येता कामा नये. खरी भीती आली की ऐट गळते आणि भाषा एकदम लहान मुलासारखी साधी होते: 'शर्ट ऑफिसचाच होता.' या जागी 'बाबांचा सीन काहीतरी वेगळाच आहे यार' लिहिलं तर आख्खी नोंद कोसळते.

आता पूर्ण नोंद

"कुणी बोलूच नका माझ्याशी. आज जे झालं ना... नाही, लिहिते.

प्रोजेक्टची पहिली स्लाइड लागली आणि मी ब्लँक. पूर्ण ब्लँक. सगळं पाठ होतं यार, काल रात्री आरशासमोर तीनदा म्हटलेलं. आणि तिथे 'गुड मॉर्निंग'च्या पुढे काही नाहीच. मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच. किती वेळ उभी होते काय माहीत, दहा मिनिटं तरी. सई म्हणेल दहा सेकंद. पण सई म्हणायला आली कुठे? मधल्या सुट्टीत सरळ त्या दोघींबरोबर. बघितलं माझ्याकडे. बघितलं आणि गेली. मी पण नाही बोलणार आता. उद्या तिने आधी हाय केलं तर ठीक, नाहीतर.

बाबा घरीच होते. परत. टीव्ही पण लावला नव्हता. मी म्हटलं आज पण सुट्टी? तर म्हणाले, हो गं, असंच. शर्ट ऑफिसचाच होता. इस्त्रीचा.

सईचा मेसेज नाही अजून.

सहलीच्या फीचा कागद दप्तरातच आहे. देते उद्या. किंवा परवा. आत्ता दाखवला आणि ते म्हणाले की

झोपते."

इस्त्रीच्या शर्टावर थोडं थांबा. मूळ नोंदीत 'त्यांची नोकरी गेली असावी' असं स्पष्ट होतं, इथे ते कुठेच नाही. बाबा सकाळी ऑफिसचे कपडे घालून तयार झाले आणि घरातच राहिले, एवढं तिने पाहिलं आणि लिहिलं. त्याचा अर्थ लावायचं टाळलं. फीच्या कागदाने मात्र अर्थ तिला कळलाय हे उघड झालं. आणि 'म्हणाले की'च्या पुढे टिंबं नाहीत, कारण तिथे तिने पेन उचललं. टिंबं देणं म्हणजे वाक्य सजवत बसणं आणि त्या क्षणी ती सजवण्याच्या मनःस्थितीत नाही.

हे मराठी बिघडवणं नाही का?

हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, विशेषतः भाषेवर मनापासून प्रेम करणाऱ्यांकडून. पण नव्या नोंदीतले इंग्रजी शब्द मोजून बघा. 'प्रोजेक्ट', 'स्लाइड', 'ब्लँक', 'गुड मॉर्निंग', 'मिनिटं', 'सेकंद', 'हाय', 'टीव्ही', 'शर्ट', 'ऑफिस', 'मेसेज', 'फी'. 'ब्लँक' सोडला तर बाकीचे मोठी माणसंही रोज वापरतात. नोंदीचं सारं बळ 'च', 'तर', 'नाहीतर', 'असंच', 'परत' यांत आहे आणि त्यांच्याइतकं अस्सल मराठी दुसरं नाही. प्रमाण मराठी लेखाला हवं, निवाड्याला हवं. ते रात्री वहीत पाय पोटाशी घेऊन लिहिणाऱ्या मुलीच्या तोंडी घातलं की खोटं होतं.

स्लँग पाच वर्षांत शिळी होईल, मग?

होईल. म्हणूनच वय स्लँगवर तोलायचं नाही. या नोंदीतला 'यार' आणि 'ब्लँक' काढून वाचा, तरी ती पंधरा वर्षांचीच राहते. आजचा शब्द गळून पडल्यावरही वय टिकतं का, हे कोणत्याही नोंदीवर करून बघता येतं. नाही टिकलं तर काळजीचा क्रम आणि वाक्य तोडण्याच्या जागा पुन्हा तपासायच्या.

पण खरी मुलं तर जड जड लिहितात!

हे खरं आहे आणि हा मला सगळ्यात मोलाचा आक्षेप वाटतो. पंधराव्या वर्षी अनेक मुलं डायरीत निबंधाची भाषा आणतात. 'माझ्या आयुष्यातील काळा दिवस' असं शीर्षकही देतात. पण नीट बघितलं तर ते जडपण सलग नसतं. दोन ओळी निबंधाच्या आणि तिसऱ्या ओळीला 'जाऊदे, पेन संपत आलंय'. मूळ नोंदीचा दोष तिच्या जड शब्दांत कमी आणि एकसारखेपणात जास्त होता. पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत तोच सूर, तोच तोल. तुमच्या पात्राला शाळेच्या भाषेची हौस असेल तर ती खुशाल राहू द्या, फक्त ती मध्येच सुटली पाहिजे. आमच्या मुलीने वर 'काळा दिवस' लिहून ते खोडलं असतं तरी चाललं असतं.

आणि समोरची नोंद खरोखरच एखाद्या मुलाची किंवा मुलीची असेल, कुणा मोठ्याने रचलेली नसेल, तर यातलं काहीही करायचं नाही. तिच्यातलं 'अत्यंत लाजिरवाणे' हेसुद्धा त्या लेकराने निवडलेलं आहे. मग त्याच्या शुद्धलेखनालाही हात न लावता ती जशी आहे तशी छापायची, आणि तीसुद्धा त्याला विचारूनच.